फ्रीजरमधले रिव्हेट

विमानाचे पत्रे जोडायचे काही ॲल्युमिनियमचे रिव्हेट फ्रीजरमध्ये ठेवतात. कारागीर लागतील तेवढेच बाहेर काढतो आणि दहा-पंधरा मिनिटांत ठोकून मोकळा होतो. ते टेबलावर तासभर राहिले, तर ठोकताना त्यांना चिरा पडतात. धातू तोच, हवा खोलीतलीच. मग तेवढ्यात बदललं काय?

याच कोड्यावर जर्मन धातुतज्ज्ञ आल्फ्रेड विल्म १९०६ मध्ये अडखळला. तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम तापवून त्यानं पाण्यात विझवलं. ते पोलादासारखं लगेच कठीण झालं नाही, पण दोन दिवसांनी पुन्हा मोजलं तेव्हा कठीणपणा बराच वाढला होता. पुढे या धातूला ड्युरॅल्युमिन नाव मिळालं.

सुमारे ४ टक्के तांबं घेऊ. पाचशे अंशांच्या आसपास ते घन ॲल्युमिनियममध्ये पूर्ण विरघळतं. हीच सोल्यूशन ट्रीटमेंट. खोलीच्या तापमानाला मात्र त्यातलं जेमतेम मावतं. सावकाश थंड केलं, तर जादा तांबं जाडजूड कणांच्या रूपात बाहेर पडतं आणि धातू मऊच राहतो. झटकन पाण्यात विझवलं, तर तांब्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. त्याबरोबर अणूंच्या रचनेतल्या तापल्यावर वाढलेल्या रिकाम्या जागाही आत अडकतात. त्या जागांतून सरकत तांब्याचे अणू खोलीच्या तापमानालासुद्धा एकत्र येतात आणि एक-दोन अणूंच्या जाडीच्या चकत्या बनतात. धातू वाकतो तो त्याच्या आतल्या सरकणाऱ्या दोषरेषांमुळे. या चकत्या त्यांची वाट अडवतात. गिनिए आणि प्रेस्टन यांनी १९३८ मध्ये क्ष-किरणांनी त्यांचा माग काढला. फ्रीजरमध्ये अणूंची चाल मंदावते, म्हणून रिव्हेट मऊ राहतात.

हीच चाल वाढवायची, तर धातू भट्टीत ठेवून मुरवतात. त्याला एजिंग म्हणतात. ॲल्युमिनियम-तांब्याच्या धातूला १३० अंशांवर कमाल ताकद यायला कित्येक दिवस लागतात, १९० अंशांवर साधारण दिवसभर. पण ही घाई फुकट मिळत नाही. जास्त उष्णतेत कण कमी आणि मोठे होतात, त्यामुळे कमाल ताकदच थोडी कमी भरते. त्यानंतरही भट्टीत ठेवलं, तर मोठे कण लहानांना गिळत वाढतात, त्यांच्यामधलं अंतर रुंदावतं आणि दोषरेषा त्यांना वळसा घालून निघून जातात. धातू पुन्हा मऊ पडू लागतो. नुसता कठीणपणा मोजून कमी मुरलेला आणि जास्त मुरलेला तुकडा ओळखता येत नाही, कारण दोघांचा आकडा सारखा येऊ शकतो. म्हणून विद्युतवाहकताही मोजतात. तांबं बाहेर पडत जातं तशी ती वाढते.

टेबलावर राहून गेलेले रिव्हेट वाया जात नाहीत. ते पुन्हा ४९५ अंशांच्या आसपास तापवून विझवले की मऊ होतात. मात्र भट्टी दहा-पंधरा अंशांनी जास्त चढली, तर धातूच्या कणांच्या सीमा वितळू लागतात, आणि तो रिव्हेट मोडीतच टाकावा लागतो.