चौसष्ट कप्पे, त्रेसष्ट अक्षरे

आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर सिरियल वायरीतून आलेली अक्षरे आधी 64 कप्प्यांच्या रांगेत साठतात; मुख्य प्रोग्राम ती सवडीने उचलतो. या 64 कप्प्यांत एका वेळी 63च अक्षरे मावतात. एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवलेला असतो.

कप्प्यांना 0 ते 63 असे क्रमांक असतात आणि 63 नंतर पुन्हा 0 येतो, म्हणून ही वर्तुळाकार रांग. नवे अक्षर कुठे ठेवायचे हे `head` सांगतो, पुढचे कुठून उचलायचे हे `tail`. (अनेक पाठ्यपुस्तकांत ही नावे नेमकी उलटी असतात.) अक्षर उचलले तरी बाकीची सरकवावी लागत नाहीत, `tail` फक्त एक घर पुढे जातो.

सुरुवातीला दोन्ही क्रमांक 0 असतात आणि रांग रिकामी असते. आता एकही अक्षर न उचलता 64 अक्षरे आली, तर `head` पूर्ण फेरी मारून पुन्हा 0 वर येतो. रांग गच्च भरली, पण क्रमांक सुरुवातीला होते तेच. `head == tail` दिसताच प्रोग्राम रांग रिकामी समजतो आणि मेमरीत असलेली 64 अक्षरे त्याच्या लेखी नाहीशी होतात. 65वे अक्षर पहिल्याच्या जागी बसते आणि रांगेत एकच अक्षर असल्याचे दिसते. एरवी सुरळीत चालणारी रांग ऐन गर्दीत रिकामी दिसू लागली, तर आधी इथेच पाहावे.

दोन क्रमांकांतले अंतर 0 ते 63, म्हणजे 64 प्रकारचे असू शकते. रांगेतली अक्षरे मात्र 0 ते 64, म्हणजे 65 शक्यता. अट कितीही चतुराईने लिहिली तरी 64 उत्तरांतून 65 शक्यता ओळखता येत नाहीत. म्हणून आर्डुइनोत एक शक्यताच काढून टाकली आहे:

```
next = (head + 1) % 64;
if (next != tail) {
  buf[head] = c;
  head = next;
}
```

अक्षरांची संख्या वेगळी मोजूनही प्रश्न सुटतो. पण ती संख्या अक्षर ठेवणारा इंटरप्ट आणि उचलणारा प्रोग्राम असे दोघेही बदलतात. प्रोग्रामने संख्या वाचली आणि एक वजा करून परत लिहिण्याआधी इंटरप्ट आला, तर इंटरप्टची बेरीज पुसली जाते. `head` फक्त इंटरप्ट बदलतो, `tail` फक्त प्रोग्राम. म्हणून एक कप्पा गमावणे परवडते. लिनक्सच्या `kfifo` मध्ये क्रमांक शून्यावर न आणता वाढतच ठेवतात. त्यांची वजाबाकी 0 आली तर रांग रिकामी, कप्प्यांइतकी आली तर भरलेली.

वरची अट अक्षरे वाचवते, पण सगळी नाही. 9600 बॉडच्या वेगाने सेकंदाला 960 अक्षरे येतात. रांग रिकामी असताना प्रोग्राम 100 मिलिसेकंद थांबला, तर 96 अक्षरे येतात. पहिली 63 टिकतात आणि उरलेली 33 कोणतीही सूचना न देता टाकली जातात. 128 कप्पे असते, तर सगळी 96 मावली असती.