फोटोत घुसलेली आपलीच सावली

सकाळी सूर्य पाठीशी घेऊन सड्यावरच्या वाळल्या गवताचा फोटो काढला की उजेड सोनेरी मिळतो, पण चौकटीच्या तळापासून थेट आतपर्यंत एक लांबलचक काळी आकृतीही येते. सूर्य क्षितिजापासून 6 अंशांवर असेल तर 1.7 मीटर उंचीच्या माणसाची सावली सुमारे 16 मीटर पडते. मागे सरकून उपयोग नाही. आपण सरकू तशी तीही सरकते.

ट्रायपॉड असेल तर सगळ्यात चांगला उपाय दोन फोटोंचा. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवून घ्या. टायमर लावून एक फोटो डावीकडे दोन पावलं सरकून काढा, लगेच दुसरा उजवीकडे सरकून. पहिल्यात सावलीखाली गेलेलं गवत दुसऱ्यात उन्हात दिसतं. संगणकावर दोन्ही फोटो एकावर एक लेयर म्हणून ठेवायचे, वरच्याला मास्क लावायचा आणि त्याच्यातल्या सावलीवर काळा ब्रश फिरवायचा, की खालचं खरं गवत वर येतं. उरते ती ट्रायपॉडची बारीक सावली. ती क्लोन स्टॅम्पने पुसता येते. वाऱ्याने गवत हललं असेल तर मास्कची कड गवताच्या पात्यांमधून न नेता दगडाच्या किंवा मोकळ्या मातीच्या कडेने न्यावी.

ब्रशची कड सगळीकडे सारखी ठेवून मात्र चालत नाही. सूर्य हा बिंदू नसून अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे पायांजवळ सावलीची कड रेखीव असते, तर डोक्याकडे ती विरघळत जाते. तिथे ब्रश मोठा आणि मऊ हवा, नाहीतर सावली जाते आणि तिची करडी किनार उरते.

एकच फोटो असेल तर सावलीचा भाग नुसता उजळण्याचा मोह होतो. तो फसतो. सावलीत ऊन नसतं, फक्त आकाशाचा निळसर उजेड असतो. उजळल्यावर तो निळेपणाही वर येतो. रंग उबदार करून तोही झाकता येईल, पण उन्हातल्या प्रत्येक पात्याला असलेली उजळ बाजू आणि तिच्यामागची छोटी सावली कुठून आणणार? गवत सपाट, मळकट दिसतं. त्यापेक्षा शेजारचं उन्हातलं गवत क्लोन करावं, तेही त्याच अंतरावरचं. म्हणजे आडव्या रेषेत उचलायचं, कारण जवळचं पातं मोठं आणि लांबचं बारीक दिसतं. फार लांबून उचलू नये: फोटोत सगळ्या सावल्या एकाच बिंदूकडे झुकतात, त्यामुळे डाव्या टोकाचा तुकडा उजवीकडे लावला की दिशा चुकते. काम झालं की फोटो छोटा करून पाहा. एकच झुडूप दोनदा उगवलेलं तेव्हाच डोळ्यांत भरतं.

घरच्या भिंतीसाठी हे सगळं बिनधास्त करा, पण स्पर्धेला पाठवताना नियम वाचा. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या निसर्ग विभागात क्लोन करून काही काढून टाकणं चालत नाही, आणि त्यात स्वतःची सावलीही आली.