दोन बिलं आणि एक रेझ्युमे

सकाळी १०. नाशिकमधल्या एका सीएंच्या ऑफिसातून मागणी आली आहे: अकाउंट्स ट्रेनी, बी.कॉम., बुककीपिंग यायला हवं, टॅक्स सॉफ्टवेअरची माहिती हवी. पगाराचा आकडा नेहमीप्रमाणे नाही. सॉफ्टवेअर कोणतं, हे फोन करूनच विचारलं. "नोंदी टॅलीत, इन्कम टॅक्सची रिटर्न्स विनमॅनमध्ये." बरं झालं विचारलं, जाहिरातीत 'टॅक्स सॉफ्टवेअर' हा शब्द कशालाही लावतात.

११. या जागेसाठी एक मुलगी आली. रेझ्युमेत सगळ्यात वर 'मेहनती व प्रामाणिक', खाली एमएस-सीआयटी, मग एका ओळीत 'टॅली, जीएसटी, विनमॅन'. विनमॅन कुठे शिकलीस? "क्लासमध्ये सरांनी एकदा दाखवलं होतं." हे असं राहिलं तर पंचाईत. ते ऑफिस उमेदवाराला थेट कॉम्प्युटरसमोर बसवतं.

११.३०. म्हणून मीही बसवलं. दुकानाचे २०,००० रोख बँकेत भरलेत, नोंद कर. तिने F5 दाबलं, थबकली, मागे आली आणि F4 दाबून कॉन्ट्रा केली. रोख आपली, बँकेतलं खातंही आपलं, मग खर्च कुठे झाला? हे तिला न सांगता कळलं. पुढे ११,८०० चं खरेदीचं बिल दिलं, जीएसटी १८ टक्के धरून. खरेदी १०,०००, सीजीएसटी ९००, एसजीएसटी ९००. हात सरावाचा होता.

१२.३०. "एवढी सवय कुठली गं?" मामांच्या हार्डवेअरच्या दुकानातली, दोन वर्षांची! रेझ्युमेत त्याचा पत्ताच नाही. "घरचंच काम ना सर, पगार थोडाच होता?" दर महिन्याच्या १४ तारखेनंतर ती पोर्टलवरून जीएसटीआर-२बी उतरवून घ्यायची आणि एक्सेलमध्ये बिल नंबर लावून खरेदीशी ताडून बघायची. एकदा एका व्यापाऱ्याची दोन बिलं २बीत दिसेनात. फोन केल्यावर कळलं, त्याने त्याचा जीएसटीआर-१ वेळेत भरलाच नव्हता. त्या दोन बिलांचं क्रेडिट तिने त्या महिन्यात घेऊ दिलं नाही. पुढच्या २बीत बिलं आल्यावर घेतलं. सीएंकडे ट्रेनीच्या वाट्याला आधी हेच काम येतं. आणि ही बाई ते लपवून बसलेली.

३. जेवण करून रेझ्युमे नव्याने लिहिला. 'मेहनती' गेलं. वर दुकान आलं: टॅलीत रोजच्या नोंदी, बँकेचा मेळ, २बीशी ताळा. मामांकडून महिन्याला साधारण किती बिलं असायची ते विचारून आकडा घातला. तो विचारला जाणारच.

४. विनमॅनवरून वाद झाला. "सर, ओळ काढली तर फोनच येणार नाही." काढायची नाहीच, खरी लिहायची: 'विनमॅन: क्लासमध्ये पाहिलेलं, स्वतः रिटर्न भरलेलं नाही.' तिचं तोंड जरा पडलं.

५.३०. पाठवला. सव्वासहाला उत्तर आलं: सोमवारी ११ वाजता पाठवा, विनमॅन आम्ही शिकवू. तिला फोन केला. आनंद झालाच, पण लगेच म्हणाली, "मग सर, मामांची २बी कोण बघणार?"