देवघेव वही आणि तीन नॉर्मल फॉर्म

तालुक्याच्या गावातले एक सार्वजनिक वाचनालय डोळ्यांसमोर आणा. टेबलावर देवघेवीची लांबलचक वही असते. सभासद आला, दोन पुस्तके घेऊन गेला की त्या वहीत एक ओळ भरली जाते: सभासद क्रमांक, नाव, वर्ग, वर्गणी, अनामत, पुस्तकांचे दाखल क्रमांक, नावे, लेखक, प्रकाशक, प्रकाशकाचे गाव, किंमत, नेल्याची तारीख, परतीची तारीख. वाचनालय संगणकावर आणायचे ठरले की बहुतेक ठिकाणी हीच वही जशीच्या तशी एका टेबलात उतरवली जाते. डेटाबेसच्या अभ्यासक्रमातही नॉर्मलायझेशन शिकवताना असेच टेबल समोर ठेवतात, आणि ते योग्यच आहे. कागदावर माणसाच्या नजरेने चालून जाणाऱ्या गोष्टी टेबलात कुठे अडतात, ते इथे स्पष्ट दिसते.

पहिली अडचण एका खान्यातल्या दोन क्रमांकांची. मीनाने ३ जूनला ‘मृत्युंजय’ आणि ‘बटाट्याची चाळ’ नेली. वहीत एकाच खान्यात ‘१२०४, ३३१०’ असे लिहिले. आता ती ‘मृत्युंजय’ परत करते आणि दुसरे पुस्तक ठेवून घेते. परतीची तारीख लिहायची कुठे? खाना एक, पुस्तके दोन. शिवाय ३३१ दाखल क्रमांकाचे पुस्तक कोणाकडे आहे हे शोधायला गेलो तर त्या मजकुरात ३३१० सुद्धा सापडतो, आणि पुस्तक भलत्याच सभासदाच्या नावावर दिसते.

म्हणून पहिला नॉर्मल फॉर्म सांगतो की एका खान्यात एकच मूल्य असावे. दोन पुस्तकांच्या दोन ओळी करायच्या. ‘पुस्तक १’ आणि ‘पुस्तक २’ असे दोन स्तंभ करणे हा त्यावरचा उपाय नाही. तिसरे पुस्तक देण्याचा नियम झाला की टेबलाची रचनाच बदलावी लागते, आणि प्रत्येक शोध दोन स्तंभांत घ्यावा लागतो. ओळी वाढवल्यावर टेबल असे दिसते. लेखक, किंमत, अनामत आणि परतीची तारीख हे स्तंभ जागेअभावी इथे दाखवलेले नाहीत.

| दाखल क्र. | नेल्याची तारीख | पुस्तक | प्रकाशक | गाव | सभासद | नाव | वर्ग | वर्गणी |
|---|---|---|---|---|---|---|---|---|
| १२०४ | ३ जून | मृत्युंजय | कॉन्टिनेन्टल | पुणे | ४१ | मीना | अ | ५० |
| ३३१० | ३ जून | बटाट्याची चाळ | मौज | मुंबई | ४१ | मीना | अ | ५० |
| १२०५ | ५ जून | मृत्युंजय | कॉन्टिनेन्टल | पुणे | ५८ | रफिक | ब | ३० |
| १२०४ | २१ जून | मृत्युंजय | कॉन्टिनेन्टल | पुणे | ५८ | रफिक | ब | ३० |

पुढे जाण्याआधी की ठरवायला हवी, म्हणजे कोणत्या स्तंभांवरून ओळ नेमकी ओळखू येते ते सांगायला हवे. माझ्या मते अख्ख्या उदाहरणातली सर्वात महत्त्वाची पायरी हीच, आणि विद्यार्थी तिच्यावरून घाईने पुढे जातात. बरेच जण सभासद क्रमांक आणि दाखल क्रमांक ही जोडी की म्हणून लिहितात. पण एखाद्याला पुस्तक आवडले आणि त्याने दिवाळीनंतर तीच प्रत पुन्हा नेली, तर त्या जोडीच्या दोन ओळी होतात आणि की मोडते. दाखल क्रमांक एका विशिष्ट प्रतीचा असतो, आणि एक प्रत एका दिवशी एकाच सभासदाकडे जाते. म्हणून की आहे दाखल क्रमांक आणि नेल्याची तारीख. ती दोन्ही कळली की पुस्तक कोणी नेले हे आपोआप ठरते. सभासद क्रमांक कीमध्ये लागतच नाही. सकाळी परत आलेली प्रत संध्याकाळी दुसऱ्याला देण्याचा रिवाज असेल, तर मात्र तारखेला वेळेची जोड द्यावी लागेल. की कोणती हे वाचनालयाच्या नियमांवरून ठरते, नुसते टेबल पाहून ते ठरत नाही.

आता या टेबलाची दुखणी पाहू. ती तीन प्रकारची असतात आणि परीक्षेत त्यांची नावे विचारतात.

वाचनालयाने आज एक नवे पुस्तक विकत घेतले, दाखल क्रमांक दिला, पण अजून ते कोणी नेलेले नाही. नेल्याची तारीख हा कीचा भाग आहे आणि कीचा भाग रिकामा ठेवता येत नाही. म्हणजे पुस्तक कपाटात आहे, पण टेबलात त्याला जागा नाही. ही इन्सर्शन अ‍ॅनॉमली, भर घालतानाची विसंगती. कोणी तरी खोटी तारीख टाकून ओळ भरतो, आणि मग न नेलेली पुस्तके नेल्याच्या यादीत दिसू लागतात.

दुसरी डिलीशन अ‍ॅनॉमली. वर्षाअखेरी जुन्या देवघेवीच्या ओळी काढून टाकल्या. ३३१० ची एकच ओळ होती, ती गेली. तिच्याबरोबर ‘बटाट्याची चाळ’ वाचनालयात आहे ही माहितीही गेली. कोणी पुस्तक बाद केले नव्हते. फक्त एक जुनी देवघेव पुसली होती.

तिसरी अपडेट अ‍ॅनॉमली. १२०४ च्या दोन ओळींपैकी एकीत कोणी ‘मृत्यूंजय’ असे लिहिले आणि तेवढीच ओळ राहून गेली. एकाच प्रतीची आता दोन नावे झाली, आणि त्यातले खरे कोणते ते टेबल सांगू शकत नाही.

या तिन्हींचे मूळ एकच. पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक आणि किंमत कळायला दाखल क्रमांक पुरेसा आहे, तारखेची गरजच नाही. कीच्या एका तुकड्यावरच अवलंबून असलेल्या अशा माहितीला पार्शल डिपेंडन्सी म्हणतात. दुसरा नॉर्मल फॉर्म ती काढून टाकतो. प्रतींचे वेगळे टेबल होते, त्याची की दाखल क्रमांक. देवघेवीच्या टेबलात दाखल क्रमांक, तारखा आणि सभासदाची माहिती उरते. नवे पुस्तक आता पहिल्या टेबलात बिनदिक्कत नोंदवता येते.

सभासदाचे नाव, वर्ग आणि वर्गणी मात्र या पायरीवर देवघेवीतच राहतात. सभासद क्रमांक कीचा भाग नाही, त्यामुळे त्याच्यावरचे अवलंबन पार्शल ठरत नाही. ज्यांनी की चुकीची धरली ते सभासदाचे टेबल इथेच वेगळे काढतात. शेवटची रचना बहुधा तीच येते, पण दिलेले कारण चुकते. ‘देवघेव क्रमांक’ असा एक नवा अनुक्रमांक टाकून की एकाच स्तंभाची करणे ही पळवाटही चालत नाही. दाखल क्रमांक आणि तारीख या जोडीवरून ओळ तरीही ओळखू येतेच, आणि नॉर्मल फॉर्मची कसोटी अशा प्रत्येक संभाव्य कीला लागते. पुस्तकाचे नाव दर देवघेवीला पुन्हा लिहिले जाते ते जातेच.

तिसऱ्या पायरीवर तीच तीन दुखणी नव्या जागी दिसतात. नाव नोंदवून अनामत भरलेला, पण अजून पुस्तक न नेलेला सभासद देवघेवीत भरता येत नाही. जुन्या ओळी काढल्या की वर्षभर न आलेल्या सभासदाच्या अनामतीची नोंदही जाते. आणि ‘अ’ वर्गाची वर्गणी ५० वरून ६० केली की त्या वर्गाच्या प्रत्येक सभासदाची प्रत्येक ओळ बदलावी लागते. एखादी राहिली का, ते असे तपासता येते:

```sql
SELECT category
FROM loans
GROUP BY category
HAVING COUNT(DISTINCT fee) > 1;
```

उत्तरात एक जरी वर्ग आला तरी त्याच्या दोन वर्गण्या टेबलात आहेत. पण उत्तर रिकामे आले म्हणून ‘वर्गावरून वर्गणी ठरते’ हे सिद्ध होत नाही. आजच्या ओळींत त्याच्या विरुद्ध काही नाही, एवढेच कळते. नियम शेवटी ग्रंथपालालाच विचारावा लागतो.

इथले अवलंबन साखळीचे आहे: की सांगते सभासद, सभासद सांगतो वर्ग, वर्ग सांगतो वर्गणी. ही ट्रान्झिटिव्ह डिपेंडन्सी, आणि तिसरा नॉर्मल फॉर्म ती तोडतो. सभासदांचे टेबल वेगळे काढून थांबू नका, कारण वर्ग आणि वर्गणी अजून त्यात एकत्र आहेत. वर्गांचे टेबल आणखी वेगळे काढावे लागते.

प्रतींच्या टेबलातही अशीच साखळी आहे. १२०४ आणि १२०५ या एकाच ग्रंथाच्या दोन प्रती, म्हणून ‘मृत्युंजय’ दोनदा लिहिले आहे. ग्रंथाला स्वतःचा क्रमांक द्यावा लागतो. आयएसबीएन सगळ्यांना मिळणार नाही, कारण तो सुरू होण्याआधीची पुस्तकेही कपाटात असतात. ग्रंथावरून प्रकाशक ठरतो आणि प्रकाशकावरून गाव, म्हणून प्रकाशकही वेगळा निघतो. किंमत मात्र ग्रंथाबरोबर जात नाही. एक प्रत जुन्या किमतीला घेतलेली असते आणि दुसरी नव्या आवृत्तीची. किंमत ही प्रतीची माहिती आहे, ग्रंथाची नव्हे. एका ग्रंथाचे दोन लेखक असतील, तर लेखकांसाठी पहिल्याच नॉर्मल फॉर्मच्या नियमाने स्वतंत्र टेबल लागेल. एकच लेखक धरला तर शेवटी सहा टेबले उरतात:

```
देवघेव  (दाखल_क्र, नेल्याची_तारीख, सभासद_क्र, परत_तारीख)
सभासद  (सभासद_क्र, नाव, वर्ग, अनामत)
वर्ग     (वर्ग, वर्गणी)
प्रत     (दाखल_क्र, ग्रंथ_क्र, किंमत)
ग्रंथ     (ग्रंथ_क्र, नाव, लेखक, प्रकाशक)
प्रकाशक (प्रकाशक, गाव)
```

देवघेवीत पहिले दोन स्तंभ मिळून की होते, बाकी टेबलांत पहिला स्तंभ.

टेबल तोडताना काही हरवले नाही ना, हे तपासायचे असेल तर तुकडे पुन्हा जोडून पाहावेत. जोडणारा स्तंभ दोहोंपैकी एका टेबलाची की असेल तर मूळ ओळी जशाच्या तशा परत येतात. समजा, कोणी देवघेवीत सभासद क्रमांकाऐवजी फक्त वर्ग ठेवला. मग जोडल्यावर मीनाने नेलेले प्रत्येक पुस्तक ‘अ’ वर्गाच्या सगळ्या सभासदांनी नेल्याचे दिसेल. ओळी वाढल्या आणि माहिती गेली, असा हा विचित्र तोटा असतो.

१९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी माहिती अशी टेबलांत मांडण्याची कल्पना प्रसिद्ध केली, आणि दुसरा व तिसरा नॉर्मल फॉर्म त्यानंतर लगेचच्या काळात त्यांनीच मांडला. त्यांचा रोख जागा वाचवण्यापेक्षा या विसंगतींवर होता. म्हणून ‘माहिती दोनदा दिसली की काढा’ एवढाच अर्थ घेतला तर फसायला होते.

वर्गणीच्या पावतीचेच पाहा. मीनाने जूनमध्ये ५० रुपये भरले. पावत्यांच्या टेबलात रक्कम ठेवलीच नाही, ती वर्गाच्या टेबलातून घेतली, तर वर्गणी ६० झाल्या दिवशी जूनच्या पावत्याही ६० दाखवू लागतील आणि लेखापरीक्षणात रोकड जुळणार नाही. आजची वर्गणी ही वर्गाची माहिती आहे. भरलेली रक्कम त्या पावतीची आहे, आणि ती पावती क्रमांकावरच अवलंबून आहे. ती तिथे ठेवल्याने तिसरा नॉर्मल फॉर्म मोडत नाही. कोणी पुनरावृत्ती म्हणून काढायला सांगितले तरी पावतीची रक्कम पावतीतच ठेवा.