पाच सेकंदांचा बायो: काय ठेवायचं, काय कापायचं?

बेळगाव : इन्स्टाग्रामवर दुकान मांडणाऱ्यांची संख्या सीमाभागात मोठी आहे. फोटो चांगले असतात, कामही चोख असतं. पण प्रोफाइल उघडणारा माणूस वरच्या चार ओळींवर नजर फिरवतो आणि पुढे सरकतो. तेवढ्यात त्याच्या डोक्यात एखादीच गोष्ट राहते. ती कोणती, हे आपण ठरवलं नाही तर योगायोगानं ठरतं.

एक उदाहरण घेऊ. समजा, शहापूरमधल्या एक ताई शिवलेली नऊवारी करतात. त्यांचा बायो असा आहे :

॥ श्री गणेश प्रसन्न ॥
परंपरेचा सुंदर संगम
एम.ए., फॅशन डिझाइन डिप्लोमा
नऊवारी, ब्लाऊज, फॉल-पिको, मेहंदी
2009 पासून
डीएम करा

यात खोटं काहीच नाही. पण वाचून झाल्यावर लक्षात काय राहतं? कुणाला मेहंदी, कुणाला डिप्लोमा. म्हणजे बायो अजून ठरलेलाच नाही.

आधी वाक्य, मग बायो

कापायला बसण्याआधी शेवटच्या वीस ऑर्डरी बघाव्यात. जास्त काम कशाचं आलं आणि गिऱ्हाइकानं पहिला प्रश्न कोणता विचारला, हे कागदावर लिहावं. समजा, वीसपैकी चौदा ऑर्डरी नऊवारीच्या निघाल्या, त्यातल्या बऱ्याच कोल्हापूर आणि गोव्याहून आल्या आणि बहुतेकांनी विचारलं, "किती दिवसांत मिळेल?" मग वाक्य आपोआप तयार होतं. गिऱ्हाइकानं फोन खाली ठेवून जावेला सांगावं : "बेळगावला एक जण आहेत, मापं पाठवली की आठ दिवसांत शिवलेली नऊवारी घरी येते."

आता प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा : ही ओळ काढली तर ते वाक्य अपुरं राहतं का? "परंपरेचा सुंदर संगम" काढलं तर काहीच बिघडत नाही. ती ओळ भांड्यांच्या दुकानालाही चालली असती. डिप्लोमा काढताना जीवावर येतं, पण लग्न तीन आठवड्यांवर आलेल्या घराला तारीख हवी असते, पदवी नव्हे. ब्लाऊज, फॉल-पिको आणि मेहंदी हायलाइट्समध्ये टाकता येतात. उरतं ते असं :

शिवलेली नऊवारी
मापं पाठवा, 8 दिवसांत घरपोच
शहापूर, बेळगाव
ऑर्डर: खालची व्हॉट्सॲप लिंक

आठ दिवस खरोखर जमत असतील तरच लिहावेत. लग्नसराईत पंधरा लागत असतील तर तेवढ्यापुरता आकडा बदलावा.

150 अक्षरांचा हिशेब

इन्स्टाग्रामच्या बायोला 150 अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. "स्त्री" हा शब्द दिसायला छोटा, पण मोजणीत सहा. त्यामुळे मराठी बायो वाटतं त्याहून लवकर भरतो. वरचा जुना बायो सुमारे 120 अक्षरांचा होता, नवा 85च्या आसपास आहे. उरलेली जागा भरायची नाही. तिथे पाचवी ओळ घातली की पहिल्या ओळीवरची नजर हलते.

नावाची जागा बायोपेक्षा वेगळी असते आणि शोधताना ती बघितली जाते. गावाचं अधिकृत नाव 2014 पासून बेळगावी झालं असलं, तरी लोक Belgaum आणि Belagavi दोन्ही टाइप करतात. म्हणून एक रूप नावात आणि दुसरं पत्त्यात ठेवावं. उदाहरणार्थ, नावात Nauvari Belgaum. मात्र नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, म्हणून आधी नीट ठरवावं. वळणदार, नक्षीदार इंग्रजी अक्षरं टाळलेली बरी. ती खरी अक्षरं नसून वेगळी चिन्हं असतात. शोधात सापडतीलच असं नाही आणि अंधांसाठी मजकूर वाचून दाखवणारं ॲप त्यांच्यावर अडखळतं.

तपासायचं कसं?

कामाची माहिती नसलेल्या तिघांना प्रोफाइल दाखवावं, मनात पाच मोजावं आणि फोन काढून घ्यावा. "काय विकतात?" असं विचारू नये, तो इशारा होतो. "काय आठवतं?" एवढंच विचारावं. तिघांची तीन उत्तरं आली तर अजून कापायचं आहे. तिघंही "नऊवारी" म्हणाले, पण दिवस कुणालाच आठवले नाहीत, तर ती ओळ वर घ्यावी.

यात तोटाही आहे. फक्त मेहंदीसाठी आलेलं गिऱ्हाईक परत जाईल. वीसपैकी दहा ऑर्डरी मेहंदीच्याच असतील तर एका बायोत दोन्ही कोंबण्यापेक्षा मेहंदीचं खातं वेगळं उघडलेलं बरं.