अंगावरचं दूध : लेखांक ६
बाळंतिणीची कॉफी : घड्याळ पाहायचं की कप मोजायचे?

गेल्या आठवड्यात आपण रात्रीच्या पाजण्याबद्दल बोललो. रात्रभर जागलेल्या बाईला सकाळी काहीतरी गरम, तरतरी आणणारं हवं असतं, म्हणून या आठवड्याचा विषय ओघानेच आला. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हे गरम बहुतेक घरांत चहाच असतं. दुधाचा, आणि दूध नसेल तर कोरा. पण आता किराणा दुकानात झटपट कॉफीच्या छोट्या पुड्या लटकलेल्या असतात, आणि बल्लारपूर-घुग्घूससारख्या कामगार वस्त्यांतल्या दक्षिणेकडच्या कुटुंबांत फिल्टर कॉफीही होते. आशाताई घरी आली की बाळंतीण हळूच विचारते, "ताई, कॉफी घेतली तर दुधातून बाळाला लागते का?" सासूचं उत्तर ठरलेलं असतं : अजिबात नको. शहरात राहणारी बहीण फोनवर सांगते : घे, पण दोन तास पाजू नको. या दोन्ही सल्ल्यांत दुसरा जास्त त्रासाचा आहे. का, ते आकड्यांनीच पाहू.

धानोरा तालुक्यातली एक बाई डोळ्यासमोर आणू. वजन ५० किलो, बाळ एक महिन्याचं, तीन किलोचं. ती एक कप झटपट कॉफी पिते. त्यात साधारण ६० मिलीग्रॅम कॅफिन असतं. पुडीत चिकोरी मिसळलेली असेल तर त्याहून कमी, कारण चिकोरीत कॅफिन नसतं. हे कॅफिन आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषलं जातं आणि अंगातल्या पाण्यात पसरतं. या बाईच्या अंगात ते सुमारे ३० लिटरमध्ये पसरेल, म्हणजे रक्तात लिटरमागे जेमतेम दोन मिलीग्रॅम. दूध रक्तातूनच तयार होतं आणि कॅफिनचा रेणू लहान, त्यामुळे त्याला दुधात उतरायला अडथळा नाही. तरी दुधातलं प्रमाण रक्तापेक्षा थोडं कमीच राहतं. ते जास्तीत जास्त धरलं तरी लिटरमागे सुमारे दीड मिलीग्रॅम. बाळ एका वेळी पन्नासेक मिलिलिटर दूध पितं. दुधात कॅफिन सगळ्यात जास्त असताना पाजलं तरी त्याच्या पोटात ०.०८ मिलीग्रॅम जाईल.

आता तिने दिवसभरात असे तीन कप घेतले असं धरू. बाळ दिवसाला साडेचारशे मिलिलिटरच्या आसपास दूध पितं. सगळा हिशेब केला तर चोवीस तासांत बाळाला मिळतं सुमारे ०.६५ मिलीग्रॅम कॅफिन. आई १८० मिलीग्रॅम प्यायली, बाळाला एक मिलीग्रॅमही गेलं नाही. सासूच्या 'अजिबात नको'ला या आकड्यात आधार सापडत नाही.

पण बाळाचं शरीर आईसारखं नसतं, आणि खरा मुद्दा इथे आहे. मोठ्या माणसाच्या अंगातलं कॅफिन साधारण पाच तासांत निम्मं होतं. ते मोडण्याचं काम यकृतातलं एक विकर करतं, आणि नवजात बाळात ते अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत बाळाच्या अंगातलं कॅफिन निम्मं व्हायला तीन ते चार दिवस लागतात. तीन ते पाच महिन्यांच्या बाळात हा काळ चौदा तासांच्या आसपास येतो, आणि सहा महिन्यांच्या सुमारास बाळ मोठ्या माणसाइतक्याच वेगाने कॅफिन बाहेर टाकू लागतं. म्हणजे एक महिन्याच्या बाळात आजचं थोडं, कालचं उरलेलं, परवाचं उरलेलं असं साठत जातं. आईने रोज दोन-तीन कप घेतले तर हा साठा क्षुल्लक राहतो. आठ-दहा कप घेतले तर तो जाणवण्याइतका होऊ शकतो.

यातूनच वेळेच्या प्रश्नाचं उत्तर निघतं. आईच्या दुधातलं कॅफिन कप संपल्यावर एक ते दोन तासांत सगळ्यात जास्त असतं, मग हळूहळू उतरतं. बाळाला पाजून झाल्यावर लगेच, किंवा ते पीत असतानाच कप घेतला, तर हा चढाचा काळ दोन पाजण्यांच्या मध्ये पडतो. पण फायदा किती? कप घेतल्यानंतर एका तासाने पाजण्याऐवजी तीन तासांनी पाजलं, तर दुधातलं प्रमाण साधारण चौथ्या हिश्शाने उतरलेलं असेल. म्हणजे ०.०८ च्या जागी ०.०६ मिलीग्रॅम. ज्या बाळाच्या अंगात कॅफिन तीन-चार दिवस रेंगाळतं, त्याला हा फरक जाणवणारही नाही. त्याच्यासाठी दिवसभरातले एकूण कप महत्त्वाचे. वेळ सांभाळण्याचा थोडाफार उपयोग मोठ्या बाळात होतो, पण तोवर त्याला कॅफिन पचवताही येऊ लागलेलं असतं.

म्हणून सोय असेल तर पाजल्यावर कप घ्या, पण कप घेतला म्हणून रडणाऱ्या बाळाला थांबवू नका. एक महिन्याचं बाळ दिवसातून आठ ते बारा वेळा पितं. प्रत्येक कपामागे दोन तास पाजणं थांबवलं तर दूध छातीत साचतं, गाठी होतात, आणि साचलेलं दूध पुढचं दूध कमी करतं. पिळून टाकून देण्याचाही उपयोग नाही. रक्तातलं कॅफिन उतरतं तसं दुधातलंही आपोआप उतरतं. दूध फेकल्याने ते लवकर जात नाही.

मग कप किती? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली पाजणाऱ्या आईसाठी दिवसाला २०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन बाळाच्या दृष्टीने सुरक्षित मानलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत सगळ्यांसाठीच दिवसाची मर्यादा ३०० मिलीग्रॅम आहे. तिथेच दीडशे मिलिलिटरच्या कपाचे आकडेही दिले आहेत : झटपट कॉफीत ५० ते ६५, उकळून गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०, चहात ३० ते ६५ मिलीग्रॅम. माझं मत असं की पहिले तीन महिने २०० ची मर्यादा धरावी. तीन कप झटपट कॉफी, किंवा दोन कॉफी आणि एक-दोन चहा. आपल्याकडचे चहाचे कप बरेच लहान असतात, त्यामुळे हिशेब ताणण्याची गरज नाही. फक्त चहा मोजायला विसरू नका. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही कॅफिन असतं, तेव्हा दुकानातून गोळी घेताना साधी पॅरासिटामॉल मागा.

कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण हा प्रश्न इथला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात गडचिरोलीच्या ३९ गावांत घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. त्या गावांत शंभरातली चाळीसहून अधिक बाळं अडीच किलोच्या आतली होती. आज देशभर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, ती पद्धत याच कामातून पुढे आली.

दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ कधी कधी श्वास घ्यायचंच विसरतं. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात अशा बाळाला कॅफिन सायट्रेट देतात. म्हणजे कॅफिन हेच त्याचं औषध असतं. चालू डोसात त्याला दिवसाला दर किलो वजनामागे अडीच ते पाच मिलीग्रॅम कॅफिन मिळतं. वरच्या हिशेबातल्या बाळाला आईच्या तीन कपांतून दर किलोमागे मिळालं होतं ०.२ मिलीग्रॅम. म्हणून आईच्या कॉफीने औषधाचं काम होत नाही, आणि दोन कपांनी औषध फार वाढतं असंही नाही. तरीही अशा बाळाच्या आईने एखाद-दुसऱ्या कपावर थांबावं, कारण त्याचं यकृत पूर्ण दिवसांच्या बाळाहूनही संथ असतं. किती चहा-कॉफी घेतो, तेही डॉक्टरांना सांगावं.

कॅफिन जास्त झालं हे ओळखायचं कसं? बाळ डोळे टक्क उघडे ठेवून जागं राहतं, थोड्या आवाजाने दचकतं, हातपाय थरथरतात, किरकिर थांबत नाही. पण हे सगळं भुकेनेही होतं आणि बाळाच्या स्वभावानेही. ब्राझीलमधल्या पेलोटास शहरात तीन महिन्यांच्या बाळांचा अभ्यास झाला. त्यात भरपूर कॅफिन घेणाऱ्या आयांची बाळं रात्री लक्षणीय जास्त उठतात असं दिसलं नाही. शंका असेल तर कप कमी करून पाहा, पण एका दिवसात निकाल मागू नका. लहान बाळात साठा उतरायला आठ-दहा दिवस लागतात. आईनेही एकदम बंद करू नये, डोकं धरतं. दर दोन दिवसांनी एक कप कमी करावा. थरथरणारा हात हलकेच धरला आणि थरथर थांबली तर ती साधी समजा. धरूनही झटके चालूच राहिले, बाळ दूध ओढेना, अंग गार किंवा लुळं पडलं, श्वास मिनिटाला साठहून जास्त झाला किंवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर कॉफीचा विचार सोडा आणि लगेच दवाखाना गाठा. रक्तातली साखर उतरली तरी बाळ थरथरतं.

काही घरांत बाळाच्या तोंडाला चमचाभर चहा लावतात, सर्दीवर म्हणून किंवा कौतुकाने. दोन लहान चमचे चहात दोन ते अडीच मिलीग्रॅम कॅफिन असतं. आईने रोज तीन कप कॉफी प्यायली तर तिच्या दुधातून तीन-चार दिवसांत जेवढं जाईल तेवढं या दोन चमच्यांतून एका वेळी जातं. आईचा कप हिसकावणाऱ्या घरात हा चमचा मात्र चालतो, याचं मला फार वाईट वाटतं. पहिले सहा महिने बाळाला अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, चहाचा थेंबही नको. त्यानंतरही वरच्या खाण्याच्या वाटीत चहात भिजवलेलं बिस्किट नसावं.

चहा-कॉफीचा वेळेशी खरा संबंध आहे तो आईच्या रक्ताशी. बाळंतपणानंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी घ्यायची असते. चहा-कॉफीतले तुरट घटक लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून शोषलं जात नाही. अनेक जणी ती गोळी सकाळच्या चहाबरोबरच गिळतात. राष्ट्रीय पोषण संस्था जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगते. तोच नियम गोळीला लावा. रात्री जेवणानंतर लोहाची गोळी पाण्याबरोबर घ्यावी, कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला ठेवावी, आणि कॉफी सकाळी न्याहारीनंतर तासाभराने व दुपारी चारच्या आत उरकावी. सिकलसेल असलेल्या बाईने लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच सुरू करावी. त्याबद्दल पुढच्या आठवड्यात.