नव्वद चिठ्ठ्या, बावन्न माणसं

समजा, कारखान्यातली पहिली पाळी सातऐवजी सहाला सुरू करण्याबद्दल 90 लेखी मतं आली आणि व्यवस्थापकांना त्यांचा गोषवारा हवा आहे. आधी चिठ्ठ्या नव्हे, माणसं मोजावीत. एकानेच 11 चिठ्ठ्या लिहिलेल्या असतात! नावं जुळवल्यावर माणसं निघाली 52. त्यांतली 27 विरोधात, 15 बाजूने, उरलेल्या दहांनी फक्त प्रश्न विचारले.

‘बहुसंख्यांचा विरोध’ असं लिहून मोकळं होता येतं, पण खरी माहिती कारणांत असते. विरोध करणाऱ्या 27 पैकी 19 जणांची अडचण एकच, इतक्या पहाटे बस नाही. बसची सोय झाली तर त्यांतले काही जण कदाचित तयार होतील. उरलेल्या आठांचं कारण मुलांची शाळा. ते बसने सुटणारं नाही. म्हणून दोन्ही गट वेगळे दाखवावेत. चढ्या आवाजातली वाक्यंच उचलली, तर तोल जातो.

मसुदा त्या-त्या बाजूच्या एकाला वाचून दाखवावा. ‘हो, माझं म्हणणं हेच’ असं तो म्हणाला नाही, तर परिच्छेद पुन्हा लिहावा. ज्यांनी काहीच लिहिलं नाही त्यांचा होकार धरू नये; त्यांचा आकडा अहवालात वेगळा द्यावा.